शेतकरी आयडी आणि सातबारा: नऊ महिन्यांच्या अनुभवानंतर

कृषी विभागाच्या योजनांसाठी 15 एप्रिल 2025 पासून शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. मी तो मे महिन्यात काढायला घेतला. आता त्यावर पीक कर्ज झालंय, ठिबकचा अर्जही भरलाय, म्हणून अनुभव लिहितोय. आयडी काढणं अवघड नाही. आधार, त्याला जोडलेला मोबाईल आणि गट नंबर एवढ्यावर अर्ध्या तासात अर्ज भरून होतो. माझे चार महिने गेले ते सातबाऱ्यापायी. आयडी आपल्याविषयी स्वतःहून काही ठरवत नाही, महसूल दप्तरात जे आहे तेच उचलतो. दप्तरात घोळ असेल तर तोच घोळ 11 आकडी नंबर लावून परत येतो.

माझी जमीन दोन गटांत आहे. एका गटात 1 हेक्टर 62 आर म्हणजे साधारण चार एकर, माझ्या एकट्याच्या नावावर. दुसऱ्या गटात 1 हेक्टर 20 आर, चुलत्यांच्या दोन मुलांबरोबर सामाईक. आधारवर माझं नाव बाळासाहेब. सातबाऱ्यावर मात्र बाळू! गावात सगळे बाळूच म्हणतात, त्यामुळे इतकी वर्षं ते कोणाला खटकलंही नाही.

सीएससी सेवा केंद्रात अर्ज भरताना गट नंबर टाकला की त्या गटातल्या खातेदारांची यादी येते आणि आपण आपलं नाव निवडायचं. निवडल्यावर आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव किती जुळतं याचा गुण पडद्यावर दिसतो. माझा इतका कमी आला की केंद्रातला मुलगा म्हणाला, "काका, हे वर तपासणीला जाणार." तसंच झालं. नोंदणी क्रमांक मिळाला, पण स्थिती पाहावी तर रोज प्रलंबितच. तुमचंही असं अडकलं असेल तर पुन्हा पुन्हा अर्ज भरत बसू नका. आधी नाव कुठे बिघडलं ते शोधा.

आधार बदलून 'बाळू' करून टाक, असा सल्ला मला दोघातिघांनी दिला. मी ऐकला नाही ते बरं झालं. पॅन, बँक पासबुक, शाळेचा दाखला सगळीकडे बाळासाहेब आहे. एका सातबाऱ्यासाठी चार कागद बिघडवायचे कशाला? सातबाऱ्यावर माझ्या नावाशेजारी फेरफार क्रमांक होता. तो 1998 चा, वडिलांच्या पश्चात झालेल्या वारस नोंदीचा. जुना हस्तलिखित फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढला, तर त्यात स्वच्छ अक्षरात 'बाळासाहेब'. म्हणजे मूळ नोंद बरोबर होती, संगणकावर उतरवताना चुकली. हा फरक फार महत्त्वाचा आहे. अशा लेखनातल्या चुकीला महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. अर्जाला जुन्या फेरफाराची नक्कल, चालू सातबारा, आधार आणि शाळेचा दाखला जोडला. आदेश झाला, त्याचा नवा फेरफार धरला गेला आणि मग सातबाऱ्यावर नाव बदललं. यात अडीच महिने गेले. नंतर केंद्रात जाऊन माहिती पुन्हा ओढली तेव्हा नाव जुळलं आणि आयडी मंजूर झाला.

पण आयडी हातात आल्यावर पाहतो तर जमीन फक्त 1.62 हेक्टर! सामाईक गट गायब. ही चूक माझी, आणि आमच्या भागात निम्म्या लोकांची हीच असते. एकट्याच्या जमिनीचं खातं वेगळं आणि सामाईक जमिनीचं खातं वेगळं, दोन्हींचे खाते क्रमांकही वेगळे. मी आयुष्यभर एकच 8अ काढत आलो होतो, त्यात सामाईक जमीन दिसणारच नाही. त्या गटाचा नंबर अर्जात वेगळा टाकून, तिथल्या यादीतून पुन्हा आपलं नाव निवडावं लागतं. केंद्रातला मुलगा पहिला गट घेऊन मोकळा झाला आणि मीही न पाहता सही दिली. म्हणून ई-साइनच्या आधी जमिनीचा तक्ता स्वतः वाचा, गट मोजा. आपल्या नावे एकाहून जास्त खाती असतील तर तितके 8अ घरूनच काढून न्या.

नंतर तो गट जोडून घेतला. सातबाऱ्यावर सामाईक क्षेत्र तिघांचं मिळून एकत्रच लिहिलंय, कोणाचा हिस्सा किती ते वेगळं नाही. तोंडी वाटणीने माझे 40 आर आहेत. बँकेने ते धरायला दोन्ही भावांचं संमतीपत्र मागितलं. एकाने लगेच दिलं, दुसरा दिवाळीला गावी आला तेव्हा. तोवर कर्ज फक्त एकट्याच्या जमिनीवर झालं. पीक कर्जाची मर्यादा म्हणजे मुळात क्षेत्र गुणिले त्या पिकाचा जिल्ह्यात ठरलेला हेक्टरी दर, त्यामुळे कागदावर जमीन कमी दिसली की तेवढं कर्ज सरळ कमी होतं. दोन लाखांपर्यंतच्या कर्जाला जमीन तारण लागत नाही, ही मर्यादा जानेवारी 2025 पासून आहे. तरीही शाखेत सातबारा बारकाईने पाहतातच.

आणि पाहिला तेव्हा 'इतर अधिकार' रकान्यात वडिलांच्या काळातला सोसायटीचा बोजा निघाला. कर्ज कधीच फिटलंय, बोजा कोणी उतरवला नाही. फेडलं की बोजा आपोआप निघतो हा आपला समज असतो, पण तसं नाही. संस्थेकडून बेबाकी दाखला घेऊन बोजा कमी करण्याचा फेरफार लावावा लागतो.

सातबाऱ्याबद्दल एक. महाभूलेखवर फुकट दिसतो तो फक्त पाहण्यासाठी. डिजिटल सहीचा लागला तर digitalsatbara.mahabhumi.gov.in वर 15 रुपयांत मिळतो, त्यावर वेगळा शिक्का लागत नाही. बँकेने तोच घेतला. मात्र दुरुस्ती झाल्यानंतर नवा काढा, जुनी प्रिंट नेऊन मी एक हेलपाटा वाया घालवला.

आयडीचा खरा फायदा मला महाडीबीटीवर वाटला. जमिनीची माहिती आयडीवरूनच येते, दरवेळी तेच तेच भरणं वाचलं. ठिबक मला सामाईक गटातच घ्यायचं होतं. तो गट आधी जोडला नसता तर अर्जात निवडताच आला नसता. अल्प-अत्यल्प भूधारकाला केंद्र-राज्य मिळून 80 टक्के अनुदान आहे, पण पूर्वसंमती हातात पडण्याआधी दुकानातून साहित्य उचलू नका. आमच्या वाडीतल्या एकाने घाई केली, आता बिल घेऊन फिरतोय.

एक गोष्ट आयडी करत नाही, ती म्हणजे पिकाची नोंद. ती हंगामागणिक ई-पीक पाहणीत स्वतः, शेतात उभं राहून फोटोसकट करावी लागते. मी खरिपात कापूस नोंदवला, रब्बीला विसरलो. आता नमुना बारावर रब्बीचा रकाना मोकळा आहे आणि शेतात हरभरा घाट्याला आलाय.

बोजा कमी करायचा फेरफार लागलाय. हरकतीची पंधरा दिवसांची नोटीस चालू आहे, त्यानंतर मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. ती झाली की 15 रुपये भरून नवा सातबारा काढायचा आणि मगच वाढीव मर्यादेसाठी बँकेत जायचं.