लांब पत्र्याच्या छताला एकसंध क्लिप लावावी की सरकती?

छत स्टँडिंग सीमचेच, म्हणजे शेजारच्या पत्र्यांच्या उभ्या कडा एकत्र दुमडून जोडलेले, करायचे हे ज्यांचे ठरले आहे आणि आता कोटेशनमधील एका ओळीपाशी जे अडले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ती ओळ म्हणजे सीमच्या घडीत कायमच्या दडून जाणाऱ्या क्लिपची. पत्र्याची जाडी, कोटिंग आणि रंग यांवर ठेकेदाराशी तासभर चर्चा होते. क्लिपबद्दल मात्र ‘क्लिपसह’ एवढाच शब्द कागदावर असतो. पत्र्याची लांबी दहा-बारा मीटरच्या पुढे गेली, तर या शब्दामागे नेमके काय आहे हे विचारून घ्यावे, असे माझे मत झाले आहे.

पर्याय दोन आहेत. एकसंध क्लिप एकाच तुकड्यातून वाकवलेली असते. तिचा तळ पर्लिनला, म्हणजे पत्र्याखालच्या सांगाड्यातल्या आडव्या तुळईला, स्क्रूने बसतो आणि वरचा ओठ शेजारच्या दोन पत्र्यांच्या घडीत जातो. सरकत्या क्लिपचे दोन भाग असतात. तळ पर्लिनला पक्का असतो, पण घडीत जाणारी जीभ त्या तळातल्या लांबट खाचेत पुढेमागे सरकू शकते. मशीनने दोनदा दुमडलेली सीम दोन्ही प्रकारांत क्लिपला घट्ट आवळते. म्हणून पहिल्या प्रकारात पत्रा लांबला की तो क्लिपलाच ओढतो, तर दुसऱ्यात जीभ पत्र्याबरोबर जाते आणि तळ जागेवर राहतो. दाबून बसवायच्या स्नॅप-लॉक सीममध्ये पत्रा एकसंध क्लिपवरूनही थोडाफार घसरतो, त्यामुळे खालचे विवेचन तिला जसेच्या तसे लावू नये.

पत्रा किती लांबतो याचा अंदाज मनात सहज बांधता येतो. दहा मीटर लांबीचा स्टीलचा पत्रा ५० अंशांनी तापला की सुमारे ६ मिलिमीटर वाढतो. ॲल्युमिनियमचा असेल तर जवळजवळ दुप्पट. आमचे गोदाम सिन्नरकडचे, आढ्यापासून वळचणीपर्यंत ३६ मीटर उताराचे. डिसेंबरातल्या निरभ्र पहाटे पत्रा हवेपेक्षाही थंड होतो, कारण तो आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे टाकत असतो. मे महिन्यात दुपारी गडद रंगाचा तोच पत्रा ६५ अंशांच्या आसपास तापतो. हा फरक ६० अंशांचा धरला, तर ३६ मीटरच्या स्टीलच्या पत्र्याचे टोक वर्षभरात २६ मिलिमीटर इकडून तिकडे होते आणि ॲल्युमिनियम असते तर ५२. शिवाय यातला बराचसा प्रवास उन्हाळ्यात रोज घडतो, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा.

एकसंध क्लिपचा आग्रह धरणारे यावर एक सरळ उत्तर देतात, आणि ते ऐकायला पटते. ते म्हणतात की ३६ मीटरचा अखंड पत्रा घेऊच नका. बारा-बारा मीटरचे तीन तुकडे करा, म्हणजे प्रत्येकाची वाढ ८-९ मिलिमीटरच राहील आणि तेवढी क्लिप सोसेल. बारा मीटरचा पत्रा कारखान्यातून ट्रेलरवर येतो, साइटवर रोल फॉर्मिंग मशीन आणावे लागत नाही आणि चार माणसांत वर चढतो. हे सगळे फायदे खरे आहेत. आमचे जुने गोदाम याच पद्धतीने झाले होते आणि त्याचा खर्चही निश्चितच कमी आला होता.

माझा कौल फिरला तो मात्र या तुकड्यांच्या सांध्यांवरून. वरचा पत्रा खालच्यावर चढवायचा, मधे ब्यूटाइल टेप घालायची आणि दोन्ही पत्र्यांतून स्क्रू मारायचे, असा तो लॅप असतो. पहिला पाऊस नीट गेला. पुढे मात्र दर पावसाळ्यात, आणि नेमकी वाऱ्याच्या सरींत, त्याच दोन आडव्या रेषांखाली थेंब पडू लागले. खाली द्राक्षांच्या पेट्यांसाठी आणलेले कोरुगेटेड बॉक्सचे गठ्ठे होते आणि वरचा एक बॉक्स भिजला की ओल खालपर्यंत उतरत असे. दर मेमध्ये माणूस वर पाठवायचा, सीलंट भरून घ्यायचे आणि जुलैत पुन्हा गठ्ठे हलवायचे, हा क्रम होऊन बसला. गळती मोठी नव्हती. पण तिचा अंत दिसत नव्हता, आणि तेच अधिक त्रासाचे होते.

एकदा त्या रेषेवरचे काही स्क्रू काढून पाहिले तेव्हा कारण समोर आले. खालच्या पत्र्यातली भोके गोल राहिली नव्हती. उताराच्या दिशेने ती लांबोळी झाली होती. वॉशरभोवतीचा रंग अर्धचंद्राकार घासला गेला होता आणि टेप ताणून तिचे धागे झाले होते. पत्र्याचे तीन तुकडे केले, पण ते एकमेकांना स्क्रूने जखडले, म्हणून उन्हापुढे ते पुन्हा ३६ मीटरचा एकच पत्रा झाले. वाढ तोडायची असेल तर सांध्याखाली पर्लिनच्या उंचीतच पायरी द्यावी लागते आणि वरचा पत्रा खालच्यावर मोकळा सोडावा लागतो. अशी पायरी सांगाडा उभा करण्यापूर्वी ठरवावी लागते. उभ्या सांगाड्यावर ती नंतर घालणे अवघड असते. पायरी नसेल तर लॅप म्हणजे केवळ वाहतुकीची सोय ठरते, वाढीची तरतूद नव्हे.

नव्या गोदामाला म्हणूनच आढ्यापासून वळचणीपर्यंत अखंड पत्रा आणि सरकत्या क्लिपा घेतल्या. पत्रा साइटवरच रोल करून घ्यावा लागला. त्यासाठी सपाट मोकळी जागा, लांब पत्रा वाकू न देता उचलायला ओळीने उभी माणसे आणि वारा नसलेली सकाळ, एवढे सगळे जुळवावे लागते. खर्चात आणखी एक बाब वाढते, जी कोटेशनमध्ये सहसा दिसत नाही. स्क्रूने थेट बसवलेला पत्रा पर्लिनना आडवे कलंडण्यापासून बराच आधार देतो. सरकत्या क्लिपवरचा पत्रा तो आधार भरवशाने देत नाही. त्यामुळे पर्लिन एकमेकांना बांधणाऱ्या सळ्या, म्हणजे सॅग रॉड, आणि ब्रेसिंग अधिक लागते, आणि ते डिझाइनमध्ये धरले आहे की नाही हे स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारलेच पाहिजे. वाऱ्याच्या उचलीसाठी कडेच्या आणि कोपऱ्यांच्या पट्ट्यात क्लिपा एकमेकींच्या अधिक जवळ लागतात. हा हिशेब आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागाप्रमाणे करून घ्यावा. कोकणात तर त्यात अजिबात सूट देऊ नये.

सरकती क्लिप घेतली म्हणजे काम संपले असेही नाही. पत्रा कुठेतरी एका रेषेवर पक्का धरावाच लागतो, नाहीतर रोजच्या लांबण्या-आखडण्यात तो उताराने हळूहळू खाली येतो. आम्ही तो आढ्यापाशी धरला. तेथे स्क्रू रिज कॅपखाली झाकले जातात आणि सगळी हालचाल वळचणीकडे जाते, जिथे पत्र्याचे टोक गटरवर मोकळे पुढेमागे होऊ शकते. कडेची पट्टी मात्र पत्र्याला आणि भिंतीला दोन्हीकडे स्क्रू मारून बांधता कामा नये. काही जण वळचण पक्की करून आढे मोकळे सोडतात. तीही रीत आहे, पण मग रिज कॅप हालचाल सोसणारा, घडीचा लागतो.

सर्वांत जास्त लक्ष मी जिभेच्या जागेवर ठेवले. आमच्या क्लिपची जीभ मध्यापासून दोन्ही बाजूंना साधारण २५ मिलिमीटर सरकत होती. पत्रा बसवताना तो उन्हात ५५ अंशांवर होता असे धरा. यापुढे तो फार तर दहा अंश तापेल, म्हणजे शेवटच्या क्लिपपाशी सुमारे ४ मिलिमीटर खाली जाईल. पण हिवाळ्यात ५० अंशांनी निवेल तेव्हा २१-२२ मिलिमीटर वर आखडेल. जीभ बरोबर मध्यावर असेल तर हे जेमतेम मावते. घाईत ती दहा मिलिमीटर वरच्या बाजूला बसली, तर वर सरकायला १५ च उरतात आणि डिसेंबरात ती तळाच्या कडेला टेकून अडते. मग सरकती क्लिपही एकसंधसारखीच वागू लागते. म्हणून भर उन्हात काम चालले असेल तर जीभ मध्यापासून थोडी वळचणीकडे ठेवून घ्यावी. काही क्लिपांत जीभ मध्यावर धरून ठेवणारी छोटी खाच असते. ती उपयोगी आहे, पण तिने हा विचार टळत नाही. आढ्याजवळच्या क्लिपांना एवढी काळजी लागत नाही, कारण हालचाल पक्क्या रेषेपासूनच्या अंतराप्रमाणे वाढत जाते. १८ मीटरवर ती निम्मी असते.

सीम दुमडल्यावर जीभ दिसत नाही, हे या प्रकारातले खरे वैगुण्य आहे. अडलेली क्लिप पुढे लक्षणांवरूनच ओळखावी लागते. पर्लिनच्या रेषेवर पत्र्याचा सपाट भाग लाटेसारखा फुगतो, त्या जागी सीमची घडी किंचित उघडते, किंवा ऊन चढताना एकाच ठिकाणाहून रोज जोराचा ठोका ऐकू येतो. बारीक करकर दोन्ही प्रकारांत होते आणि गोदामात ती कोणाला जाणवत नाही. राहत्या घरावर मात्र तिचा विचार करावा. नंतर छतावर चढणाऱ्या वस्तूंकडेही पाहावे लागते. व्हेंटिलेटरची चौकट पर्लिनला जखडली तर पत्रा तेथेच अडतो, म्हणून ती पत्र्यावरच बसवून पत्र्याबरोबर हलू द्यावी. सोलरचे क्लॅम्प सीमला आवळताना बरोबर क्लिपच्या डोक्यावर येऊ देऊ नयेत.

हे सगळे सांभाळावे लागूनही मी सरकत्या क्लिपच्याच बाजूने आहे, आणि ते माझ्या वापराच्या मर्यादेत म्हणतो. नव्या गोदामात उताराच्या मध्यावर पाण्याला आत शिरायला एकही आडवा सांधा नाही आणि गठ्ठे हलवायचा जुलैचा कार्यक्रम थांबला आहे. उतार दहा-बारा मीटरपर्यंतच असेल आणि पत्रा स्टीलचा असेल, तर जास्तीचे पैसे घालण्याचे मला फारसे कारण दिसत नाही. आमच्या कार्यालयापुढच्या आठ मीटरच्या पोर्चवर एकसंध क्लिपाच आहेत आणि त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पत्रा ॲल्युमिनियमचा असेल तर मात्र ही मर्यादा निम्म्यावर आणावी. त्याहून लांब उताराला जे एकसंध क्लिप आणि तुकडे सुचवतील, त्यांच्याकडून पायरीचे रेखाचित्र मागावे. सरकती क्लिप सुचवणाऱ्यांकडून जीभ दोन्ही बाजूंना किती सरकते, पक्की रेषा कोठे आहे आणि पर्लिनचे ब्रेसिंग कसे आहे, हे ऑर्डर देण्यापूर्वी लिहून घ्यावे.