पाचगावचा माळ की शिंगणापूर-बालिंग्याकडचं रान? प्लॉट घेणाऱ्यांसाठी

कोल्हापूरच्या पश्चिमेला शिंगणापूरकडं आम्ही भाड्यानं राहिलोय आणि आता घर पाचगावला बांधलंय, त्यामुळं दोन्हीकडचं बघून सांगतोय. रेट, कर्ज, कागदपत्रं हे तुम्ही बघितलंच असणार, ते सोडून देतो.

१९७२ ला महापालिका झाली पण पुढं कित्येक दशकं हद्द काय वाढली नाही, म्हणून घरं सगळी शेजारच्या गावांत गेली. २०१७ ला ४२ गावांचं प्राधिकरण झालं खरं, पण तोवर गुंठ्या-गुंठ्यानं बरंच रान विकलं गेलं होतं.

पश्चिमेला जागा सपाट, हिरवीगार, पाण्याचा त्रास कमी, हे मान्यच करायला पाहिजे. पण ही नदीकाठची काळी, उसाची जमीन. गळीत हंगामात कुडित्र्याच्या कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या आणि ऑफिसला निघालेल्या गाड्या फुलेवाडीच्या त्याच रस्त्यावर येतात. ते पण एकवेळ चालवून घेतलं असतं.

माझं मन उडालं ते पाण्यामुळं. आमच्या बाजूच्या रानात प्लॉट पडले तेव्हा पाडणाऱ्यानं मुरूम टाकून जागा उंच केली आणि बांधाकडेची चर त्यातच बुजवली. वरच्या चार-पाच रानांचं पावसाचं पाणी त्याच चरीतनं ओढ्याला जायचं. मग ते जाणार कुठं, अर्धं पंधरा फुटी बोळात आमच्या दारात आणि अर्धं शेजारच्या उसात. मुळाशी पाणी साचून राहिलं की ऊस पिवळा पडतो, वाढ खुंटते, तसं दोन हंगाम झालं की तो शेतकरी पण वैतागून प्लॉट पाडायला काढतो, आणि त्याच्या भरावानं पाणी आणखी पुढच्या रानात. आमच्या शेजारच्या काकांचं हेच झालं, चांगलं मळीचं रान होतं हो, बघवत नव्हतं.

पाचगावला उन्हाळ्यात टँकर लागतो, हे लपवत नाही. रस्तेही अरुंद आहेत, सकाळी गावात शिरताना वेळ जातो. पण जमीन मुरमाड, उताराची, पाणी दारात थांबत नाही, पाया लवकर लागतो, काळ्या मातीसारखी फुगून-आक्रसून भिंतींना चिरा पाडत नाही. आणि मुळात जिराईत माळ, घर बांधायचंच तर उसाच्या रानापेक्षा माळावर बांधलेलं मला तरी बरं वाटतं. पश्चिमेला सगळेच प्लॉट वाईट असं म्हणत नाही, मंजूर लेआउट असेल, गटार काढलेली असेल तर वेगळी गोष्ट.

तरी तिकडंच घ्यायचा असेल तर उन्हाळ्यात बघून विसार देऊ नका. ऑगस्टमधे चांगला पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी जावा, गट नकाशावर ओढा कुठाय ते बघा आणि प्लॉटला लागून ज्याचं रान आहे त्याला विचारा, पूर्वी पाणी कुठनं जायचं. एजंट सांगणार नाही, तो शेतकरी बोट करून दाखवेल.