फोटो, आयकॉन की नुसती अक्षरं? काही महिन्यांच्या वापरानंतर

बडोद्यात मराठी मंडळांमध्ये शहराच्या इतिहासावर बोलताना गेले काही महिने मी एकच पद्धत वापरतेय. पॉवरपॉइंट उघडण्याआधी प्रत्येक स्लाइडचं एक वाक्य कागदावर लिहायचं आणि मोठ्यानं वाचायचं. ऐकूनही वस्तू डोळ्यांसमोर येत नसेल तर फोटो. एकाच जातीच्या दोन-चार गोष्टी वेगळ्या ओळखायच्या असतील तर आयकॉन. साल किंवा वाक्य हाच मुद्दा असेल तर सपाट रंगावर नुसती अक्षरं.

सयाजीरावांच्या शिक्षणकार्यावरच्या भाषणात याचा खरा कस लागला. ‘1906 मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं’ या वाक्याला पाटी-पेन्सिलीचं चित्र लावायचा मोह होतोच. पण त्या चित्रातून सक्ती कळत नाही आणि सालही कळत नाही. गडद निळ्या रंगावर मोठं ‘1906’ आणि खाली एक ओळ, एवढंच ठेवलं. लोक आधी साल वाचतात, मग माझ्याकडे बघतात. मला तेच हवं असतं.

मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीचं उलट आहे. पुस्तकांच्या लोखंडी मांडण्या आणि त्यांच्यामधली काचेची जमीन कितीही वर्णन करा, न पाहिलेल्याला कळत नाही. तिथे फोटो पूर्ण स्लाइडभर. मथळा फोटोवर थेट टाकत नाही, कारण उजेड-सावलीच्या जागी अक्षरं बुडतात, आणि मराठीत मात्रा-अनुस्वार सगळ्यात आधी दिसेनासे होतात. खाली गडद पट्टी घेऊन त्यावर लिहिते. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो मोठ्या पडद्यावर फुटतो, म्हणून मूळ फाइल मागवते. किमान 1920 पिक्सेल रुंदीची.

आयकॉन मात्र भाषणभरात एकाच स्लाइडवर आले. 1910 मध्ये अमेरिकेहून आलेल्या विल्यम बॉर्डन यांनी इथल्या ग्रंथालयांचं जाळं उभारलं: शहरातलं ग्रंथालय, गावातलं, आणि पेटीतून गावोगाव जाणारं फिरतं. इमारत, घर, पेटी अशी तीन चिन्हं सारख्याच जाडीच्या रेषांची घेतली आणि प्रत्येकाखाली नाव लिहिलं. पुढे तिन्हींविषयी बोलताना तीच चिन्हं कोपऱ्यात छोटी येतात, त्यामुळे कशाबद्दल चाललंय ते उशिरा आलेल्यालाही कळतं. आयकॉन पुन्हा लागणार नसेल तर मी तो घेतच नाही. ‘प्रगती’साठी बाण, ‘कल्पने’साठी दिवा, हे शब्दाच्या शेजारी नुसतं उभं राहतं.

पद्धत अडते ती तुलनेच्या स्लाइडवर. दोन सालांतली शाळांची संख्या दाखवायची तर तिन्हींपैकी काहीच पुरत नाही, साधा स्तंभालेखच लागतो. शिवाय हॉलच्या खिडक्यांना पडदे नसतील तर गडद पार्श्वभूमी प्रोजेक्टरवर राखाडी दिसते. म्हणून तीच फाइल फिकट पार्श्वभूमी आणि काळ्या अक्षरांतही करून ठेवते, आणि हॉलमध्ये पोचल्यावर मागच्या रांगेतून दोन्ही बघून एक निवडते.