चिऊताईचं दार की टुणुक टुणुक भोपळा?

दोन्ही गोष्टी पालुपदावर चालतात, पण झोपवायला सारख्या नाहीत.

भोपळ्याच्या गोष्टीत म्हातारी लेकीकडे निघते. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक जनावराला तेच सांगते: ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा.’ परतीला ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’. गंमत इथेच आहे आणि अडचणही. ‘टुणुक’ म्हटलं की पोर गादीवर उड्या मारतं. शिवाय वाघ परतीच्या वाटेवर, म्हणजे डोळे मिटायच्या वेळीच, पुन्हा भेटतो. ही गोष्ट जेवण भरवताना उत्तम.

चिऊताईचं उलटं. पावसात कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं आणि तो चिऊचं दार वाजवतो. ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड.’ ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते.’ मग अंग पुसते, तीट लावते, दूध पाजते, थोपटते. हा मुलाचा स्वतःचाच संध्याकाळचा क्रम आहे. पलंगाच्या लाकडावर बोटाने टकटक करा, दर खेपेला हळू आणि थोडं थांबून. कावळ्याचा आवाज मोठा नको, दमलेला हवा. मूल जागं असेल तर मधे काजळ, पावडर, टोपडं घाला. पेंगलं तर थेट थोपटण्यावर या.

काही घरांत शेवटी कावळा चुलीवर बसून भाजतो. रात्री तो शेवट मी सरळ गाळते. चिऊ दार उघडते, कावळ्याचे पंख पुसते आणि म्हणते, ‘हळू रे काऊदादा, बाळ निजलंय.’