वाक्यांचा साठा की प्रसंगाचं चित्र?

वाचलेल्या मजकुरातून डोक्यात दोन गोष्टी तयार होतात, अशी मांडणी आकलनाचे अभ्यासक व्हॅन डाइक आणि किंच यांनी 1983 मध्ये केली: मजकुरातल्या विधानांचा साठा, आणि ती विधानं ज्याबद्दल आहेत त्या प्रसंगाचं मानसिक चित्र.

दोन्हींतला फरक ब्रॅन्सफर्ड, बार्कले आणि फ्रँक्स यांच्या 1972 च्या प्रयोगात नेमका दिसतो. त्यात लोकांना ऐकवलेलं एक वाक्य असं: ‘तीन कासवं तरंगत्या ओंडक्यावर विसावली होती आणि त्यांच्याखालून एक मासा पोहत गेला.’ नंतरच्या चाचणीत मासा ओंडक्याखालून गेल्याचं वाक्य दिलं, तेव्हा अनेकांना तेच आधी ऐकल्यासारखं वाटलं. कासवं ओंडक्यावर असतील तर मासा दोघांच्याही खालूनच जाणार, चित्र एकच. कासवं ओंडक्याच्या ‘शेजारी’ असलेल्या वाक्यात मात्र असा घोळ फारसा झाला नाही. शब्दांतला बदल दोन्हीकडे सारखाच होता, हे महत्त्वाचं.

विधानांचा साठा सारांश लिहायला पुरतो. म्हणूनच तो फसवतो: धड्यातली वाक्यं घडाघडा सांगणारा विद्यार्थी न लिहिलेल्या गोष्टीवर अडतो. तपासायचं तर ‘मासा कुठून गेला?’ नको, ‘ओंडका मासा आणि कासवं यांच्यामध्ये होता का?’ विचारा. चित्राची बाजू मला निःसंशय मोलाची वाटते, पण ते विषयाच्या पूर्वज्ञानावर उभं राहतं आणि मूळ शब्दरचना त्यात सहज हरवते.