चांदीवाला धावण्याचा टी-शर्ट: मार्च ते ऑक्टोबर वापरून

मी ठाण्यात राहते. सकाळी उपवनच्या बाजूला धावते आणि आठवड्यातले निम्मे दिवस तिथूनच परस्पर ऑफिस गाठते. आंघोळीची सोय ऑफिसात आहे, पण घामाने चिंब टी-शर्ट मात्र प्लास्टिकच्या पिशवीत संध्याकाळपर्यंत तसाच पडून राहतो. पिशवी उघडली की कसा वास येतो, हे धावणाऱ्या कुणालाही सांगायला नको. त्यामुळे 'चांदीच्या आयनांमुळे दुर्गंधी नाही, ५० धुण्यांपर्यंत परिणाम टिकतो' अशी पट्टी लावलेला पॉलिएस्टरचा टी-शर्ट दिसला तेव्हा तो घेतला. साध्यापेक्षा साधारण पाचशे रुपयांनी महाग होता. त्याच कंपनीचा, त्याच कापडाचा, पण चांदी नसलेला टी-शर्टही सोबत घेतला आणि दोन्ही आलटून पालटून वापरले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण इथे जे सांगणार आहे ते एका कंपनीपुरतं नाही.

उन्हाळ्यातले पहिले दोन महिने फरक खरोखर जाणवला. साधा टी-शर्ट संध्याकाळी पिशवीतून काढला की आंबूस, नाकात जाणारा वास यायचा. चांदीवाल्याला ओल्या कपड्याचा असतो तेवढाच, हलका वास. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पिशवीत राहिला तरी हा फरक टिकायचा.

असं का होतं ते समजून घेतलं की पुढचं सगळं लक्षात येतं. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतल्या घामातले आणि त्वचेवरच्या तेलातले घटक जीवाणू खातात, त्यातून आम्लं आणि गंधकयुक्त संयुगं तयार होतात आणि वास येतो तो त्यांचा. चांदीचा आयन जीवाणूच्या प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतो आणि त्यांचं काम बंद पाडतो. पण आयन सुटायला पाणी लागतं आणि परिणाम व्हायला वेळ लागतो. पिशवीतला ओला टी-शर्ट म्हणजे या दोन्ही गोष्टींची चंगळ: भरपूर ओल आणि सात-आठ तास. तिथे चांदी आपलं काम चोख करते.

अंगावर मात्र तसं होत नाही. धावताना किंवा धावून झाल्यावर लगेच या दोन टी-शर्टांत मला काही फरक कळला नाही, सोबत धावणाऱ्या मैत्रिणीलाही नाही. वास तयार होतो तो काखेतल्या त्वचेवर, आणि कापडात अडकलेली चांदी त्वचेवरच्या जीवाणूंपर्यंत फारशी पोचत नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात रेचेल मॅक्वीन यांनी सिल्व्हर क्लोराइड लावलेलं पॉलिएस्टर माणसांना प्रत्यक्ष घालायला देऊन तपासलं होतं. प्रयोगशाळेतल्या चाचणीत जीवाणूंवर चांगलं चालणारं ते कापड अंगावर वापरल्यावर साध्या कापडापेक्षा कमी वासाचं ठरलं नाही. माझा अनुभव याच्याशी जुळतो, फक्त पिशवीचा भाग सोडून.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. जूनच्या शेवटी एक दिवस आई इस्त्री करता करता म्हणाली, "अगं, हा धुतलाय ना? इस्त्री फिरवली की काखेतून वास येतोय." टी-शर्ट धुतलेला होता, वाळलेला होता, नाकाशी धरला तर काहीच येत नव्हतं. इस्त्रीची वाफ लागली की मात्र काल घातल्यासारखा वास. आणि हा चांदीवाला टी-शर्ट होता. साध्याचीही तीच गत झाली होती. दोघांत मला डावं-उजवं करता आलं नाही.

मला वाटतं, या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. पॉलिएस्टर पाण्याला दूर ठेवतं आणि तेलाला धरून ठेवतं. त्वचेचं तेल आणि त्यात विरघळलेले वासाचे रेणू धाग्यात मुरतात आणि गार पाण्याच्या धुण्यात पूर्ण निघत नाहीत. दर वेळी थोडं मागे राहतं, त्यावर पुढच्या वेळचं चढतं. कापड कोरडं असताना ते गप्प असतं, उष्णता आणि ओल मिळाली की बाहेर पडतं. म्हणून धावायला लागल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच, घाम नीट यायच्या आधीच, जुना टी-शर्ट वास मारू लागतो. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाने २०१४ मध्ये व्यायाम केलेल्या लोकांचे टी-शर्ट तपासले, तेव्हा पॉलिएस्टरला सुतीपेक्षा जास्त घाण वास होता आणि मायक्रोकॉकस जातीचे जीवाणू पॉलिएस्टरवर खास वाढलेले दिसले. चांदी जीवाणूंना आवरते. धाग्यात आधीच मुरलेल्या तेलाला आणि वासाला ती काहीही करत नाही. उलट तेलाचा आणि डिओडरंटमधल्या मेणाचा थर चढला की खालची चांदी झाकली जाते. माझ्या टी-शर्टाच्या काखेचा भाग हाताला कडक, थोडा मेणचट लागायला लागला होता, तो हाच थर.

म्हणूनच 'न धुता पुन्हा पुन्हा घाला' हा या कपड्यांसोबत मिळणारा सल्ला मला आपल्याकडे पटत नाही. थंड, कोरड्या हवेत, कमी घामात तो चालत असेल. मुंबई-ठाण्याच्या दमटपणात टी-शर्ट न धुता ठेवणं म्हणजे तेल मुरायला आणखी वेळ देणं.

आता टिकण्याबद्दल. चांदी कापडात कशी बसवली आहे त्यावर सगळं अवलंबून असतं. स्वस्त पद्धत म्हणजे कापड विणून-रंगवून झाल्यावर चांदीच्या क्षाराच्या द्रावणातून काढायचं आणि चिकट द्रव्याने वर बसवायचं. यात चांदीचं प्रमाण किलोभर कापडामागे मिलिग्रॅममध्ये मोजण्याइतकं असतं आणि ती पृष्ठभागावर असते, म्हणजे घासलं की सुटणार. दुसरी पद्धत म्हणजे धागा ओढण्याआधीच चांदी आत मिसळणं. तिसरी, नायलॉनच्या धाग्यावर चांदीचा सलग थर चढवून तो धागा कापडात विणणं. स्वीडनच्या रसायन नियंत्रण संस्थेने दुकानातले कपडे घेऊन दहा वेळा धुतले, तर कपड्यानुसार १० ते ९८ टक्के चांदी पाण्यात निघून गेलेली आढळली. स्वित्झर्लंडच्या एम्पा संस्थेने २००९ मध्ये एका धुण्यात निघून गेलेली चांदी मोजली, ती एक टक्क्याहून कमीपासून ४५ टक्क्यांपर्यंत निघाली. पट्टीवर मात्र या सगळ्यांवर एकच शब्द असतो: चांदी. कोणती पद्धत ते लिहिलेलं नसतं. ही माहिती ग्राहकाला मिळायलाच हवी असं माझं ठाम मत आहे.

'५० धुणी' हा आकडाही नीट वाचायला हवा. असे दावे आयएसओ २०७४३ सारख्या चाचण्यांवर उभे असतात. ठरावीक वेळा धुतलेल्या कापडाच्या तुकड्यावर जीवाणू सोडायचे, ऊबदार ओलीत १८ ते २४ तास ठेवायचं आणि किती उरले ते मोजायचं. त्यात तेल नाही, डिओडरंट नाही, माणसाचं नाक नाही. वास कमी झाला का, हा प्रश्न त्या चाचणीत विचारलेलाच नसतो.

घरी चांदी मोजता येत नाही, पण पिशवी हीच माझी कसोटी होती. जूनपर्यंत चांदीवाला स्पष्टपणे पुढे होता. जुलैत फरक कमी झाला. गणपतीच्या सुमारास, अंदाजे तीसेक धुण्यांनंतर, संध्याकाळी पिशवी उघडल्यावर दोन्ही टी-शर्ट डोळे मिटून ओळखू येईनात. आमच्याकडे कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी कॉलर आणि काख ब्रशने घासतात. पृष्ठभागावरच्या थराला हे घासणं नक्कीच भोवलं असणार. ब्रश न लावता, टी-शर्ट उलटा करून धुतला असता तर काही आठवडे जास्त मिळाले असते असं वाटतं, पण ५० धुणी मला तरी शक्य दिसत नाहीत.

पावसाळ्यात एक गोष्ट वेगळी ओळखायला हवी. ऑगस्टमध्ये गॅलरीत दोन दिवस न वाळलेल्या कपड्यांना येणारा कुबट वास हा काखेचा वास नव्हे. जपानच्या काओ कंपनीच्या संशोधकांनी २०१२ मध्ये तो मोराक्सेला नावाच्या जीवाणूमुळे येतो असं दाखवलं. हा जीवाणू धुण्यातून आणि वाळण्यातूनही तग धरतो. ओळखायला सोपं आहे: कुबट वास सगळ्या कापडाला सारखा येतो, चादरी-टॉवेललाही येतो. मुरलेला घामाचा वास फक्त काखेत आणि पाठीत येतो, आणि गरम केल्यावर वाढतो. पहिल्यावर उपाय म्हणजे मशीनमध्ये जास्तीचा पिळा आणि पंख्याखाली लवकर वाळवणं. दुसऱ्यासाठी तेलच काढावं लागतं.

त्यासाठी मला उपयोगी पडलं ते असं. ऑफिसात आंघोळ करतानाच टी-शर्ट साध्या पाण्यात दोनदा खळबळून पिळायचा आणि मग पिशवीत टाकायचा. घरी आल्यावर एन्झाइम असलेल्या पावडरीत, हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात, उलटा करून अर्धा तास भिजवायचा. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्याने आणखी एक थर चढतो. साध्या टी-शर्टाचा मुरलेला वास सोडियम परकार्बोनेटच्या, म्हणजे ऑक्सिजन ब्लीचच्या, कोमट पाण्यात भिजवून जवळजवळ गेला. चांदीवाल्याला हा उपाय करायची सोय नाही, कारण ब्लीचमुळे चांदी वेगाने विरघळते आणि पट्टीवरही मनाई असते. म्हणजे वास रोखायला लावलेल्या मुलाम्यामुळे वास काढायचा सगळ्यात परिणामकारक उपायच हातचा गेला. मला हे फार खटकलं. मुलामा संपला आहे अशी खात्री झाल्यावर मी त्यालाही ब्लीचमध्ये भिजवला, आणि तोही साध्याइतकाच स्वच्छ झाला.

फक्त खळबळून ठेवायला लागल्यापासून साध्या टी-शर्टाची पिशवी संध्याकाळी सुसह्य असते. चांदीने पहिल्या दोन महिन्यांत जे दिलं त्यातलं बरंचसं या दोन मिनिटांच्या कामातून मिळतं. ज्यांना आंघोळीची, पाण्याची सोयच नाही, उदाहरणार्थ सह्याद्रीत दोन-तीन दिवसांचा ट्रेक करणारे, त्यांनी नवा चांदीवाला टी-शर्ट खास त्यासाठी राखून ठेवला तर पैसे वसूल होतील. रोजच्या वापरात, रोजच्या धुण्यात ते होत नाहीत. पुन्हा घेताना मी साधाच घेईन.

मोज्यांची गोष्ट निराळी आहे. त्याच काळात चांदीचा थर दिलेल्या नायलॉन धाग्याचे मोजे घेतले. धागा करड्या रंगाचा उघड दिसतो आणि आता टाचेपाशी काळपट पडलाय, कारण चांदी गंधकाने काळवंडते. त्यांना अजूनही साध्या मोज्यांपेक्षा स्पष्ट कमी वास आहे. त्यात चांदी मुळात कितीतरी जास्त असते, बुटात ओल दिवसभर टिकते, आणि पायाच्या घामात काखेसारखं तेल नसतं. दुकानात मोजा उलटा करून तळव्याकडे पाहायचं. करडा धागा विणलेला दिसला तर घ्यावा, नुसती पट्टी असेल तर साध्या मोज्याच्या किमतीतच घ्यावा.