फॉरवर्ड झालेली शेअर टिप की तपासता येणारा नियम?

मेसेज साधारण असा असतो: «अमुक शेअर, जबरदस्त ब्रेकआउट, व्हॉल्यूमसह! १०० ला घ्या, टार्गेट १०८, स्टॉपलॉस ९६.» तो तिसऱ्या ग्रुपमधून तुमच्यापर्यंत येतो तेव्हा भाव १०३ झालेला असतो. आता घ्यायचा का? की टिप बाजूला ठेवून तिच्यामागची कल्पना आधी तपासायची? दोन्ही वाटा शेजारी ठेवून पाहू.

आधी टिपची वाट. टिप देणाऱ्याला खरंच थोडंफार कळतं असं धरून चालू आणि त्याच्या दहापैकी चार टिपा टार्गेटला पोचतात असं मानू. ऐकायला हे वाईट वाटतं, पण १०० ला घेणाऱ्यासाठी ते चांगलं आहे. चार वेळा ८ मिळाले म्हणजे ३२, सहा वेळा ४ गेले म्हणजे २४. दहा सौद्यांत ८ उरले, म्हणजे सौद्यामागे सरासरी ०.८.

आता तुम्ही १०३ ला घेतलंत. टार्गेट तेच, स्टॉपलॉस तोच. जिंकलात तर मिळतात ५, हरलात तर जातात ७. चार वेळा ५ म्हणजे २०, सहा वेळा ७ म्हणजे ४२. दहा सौद्यांत २२ चा तोटा, सौद्यामागे सरासरी २.२. टिप तीच, यशाचं प्रमाणही तेच, तरी एकाची वही नफ्यात आणि दुसऱ्याची तोट्यात. मधला फरक बरोबर ३ चा, म्हणजे उशिरा घेताना जास्त मोजलेल्या पैशांचा. टिप खोटी असण्याची गरजच नाही. मेसेज पसरल्यावर होणाऱ्या खरेदीनंच दर वेळी भाव वर जात असेल, तर रांगेत मागे उभा असलेला माणूस पुढच्याचा नफा भरत असतो. काही वेळा पुढच्याकडे आधीपासून माल असतो आणि तो तुम्हालाच विकतो.

मी काही काळ असे मेसेज वेळ आणि त्या क्षणाच्या भावासकट वहीत उतरवत होतो. सगळ्यात आधी लक्षात आलं ते हे, की «घ्या» चा मेसेज येतो, पण «बाहेर पडा» चा बहुतेक वेळा येतच नाही. टार्गेट गाठलं की स्क्रीनशॉट फिरतो आणि स्टॉपलॉस लागला की ग्रुपमध्ये शांतता. त्यामुळे «आमच्या दहापैकी सात टिपा बरोबर» या दाव्यातले ते दहा कुणी निवडले, हे कळत नाही. शिवाय नाणं दहा वेळा उडवलं तर सात किंवा अधिक वेळा छापा पडण्याची शक्यता १७ टक्के आहे. पुष्कळ ग्रुप चालू असले, तर नुसत्या नशिबानं सात बरोबर असणारे त्यांत सापडणारच.

आता दुसरी वाट. टिपमध्ये एक कल्पना दडलेली आहे: शेअर नवा उच्चांक करतो आणि सोबत व्हॉल्यूम वाढतं, तेव्हा तो पुढेही चढतो. ही कल्पना तपासता येते, पण «जबरदस्त» तपासता येत नाही. म्हणून प्रत्येक विशेषणाच्या जागी आकडा बसवायचा. मी तो नियम असा लिहीन:

> आजचा बंद भाव मागच्या २५० सत्रांतल्या सर्वोच्च बंद भावाच्या वर हवा. आजचं व्हॉल्यूम मागच्या ५० सत्रांच्या सरासरीच्या किमान दुप्पट हवं. खरेदी उद्याच्या उघडत्या भावाला. तो आजच्या बंद भावापेक्षा २ टक्क्यांहून वर उघडला, तर सौदा सोडायचा. खरेदीच्या भावापासून ४ टक्के खाली स्टॉपलॉस, ८ टक्के वर टार्गेट. २० सत्रांत दोन्ही लागले नाहीत, तर पुढच्या सकाळी बाहेर.

कसोटी अशी, की हे दोन अनोळखी माणसांना दिलं तर दोघांनी एकाच तारखांना तेच सौदे निवडले पाहिजेत. २ टक्क्यांची अट माझ्या मते सगळ्यांत मोलाची आहे, कारण १०३ चा प्रश्न तिनं आधीच सोडवलेला आहे.

जुन्या भावांवर हा नियम चालवताना तीन ठिकाणी लोक फसतात. पहिलं, बंद भाव पाहून त्याच बंद भावाला खरेदी दाखवणं. व्हॉल्यूमचा पूर्ण आकडा बाजार बंद झाल्यावर कळतो, म्हणून खरेदी दुसऱ्या दिवशीचीच धरायची. दुसरं, आजच्या मोठ्या कंपन्यांची यादी घेऊन दहा वर्षं मागे जाणं. त्या यादीत बुडालेल्या कंपन्या नसतात, त्यामुळे निकाल आपोआप गोड येतो. यादी त्या त्या तारखेची हवी. तिसरं, एकाच दिवशी वरचा भाव टार्गेटला आणि खालचा स्टॉपलॉसला शिवतो, तेव्हा आधी काय लागलं हे रोजच्या आकड्यांवरून कळत नाही. अशा वेळी स्टॉपलॉस आधी लागला असं धरायचं. सकाळी भाव स्टॉपलॉसच्या खालीच उघडला, तर तोटाही त्या उघडत्या भावाचाच मोजायचा.

मग खर्च. ८ विरुद्ध ४ च्या सौद्यात ना नफा ना तोटा राहायला ३३ टक्के यश पुरतं. खरेदी-विक्रीचा ब्रोकरेज, कर आणि स्लिपेज, म्हणजे धरलेल्या आणि प्रत्यक्ष मिळालेल्या भावातला फरक, हे सगळं मिळून अर्धा टक्का गेला, तर हातात ७.५ विरुद्ध ४.५ उरतात आणि लागणारं यश ३७.५ टक्के होतं. आणि भाव कुठलीही दिशा न धरता भरकटत राहिला, तरी स्टॉपलॉसच्या आधी टार्गेट लागण्याचं प्रमाण एक तृतीयांशच्या आसपास येतं. म्हणून त्याच शेअरांत, त्याच काळात, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या तारखांना खरेदी करून, बाहेर पडण्याच्या याच अटी लावून पाहायच्या. तेजीच्या काळात चिठ्ठ्यांनीही ४० टक्के यश दिलं, तर तुमच्या ४० टक्क्यांचं श्रेय ब्रेकआउटला देता येणार नाही.

इथं संयम लागतो. १०० सौद्यांत ४० यशस्वी झाले, तर खरं प्रमाण साधारण ३० ते ५० टक्क्यांमध्ये कुठंही असू शकतं. ४०० सौदे असले, तर ते ३५ ते ४५ पर्यंत आवळतं, पण ३७.५ ची रेघ तेव्हाही त्या पट्ट्यातच असते. शिवाय ब्रेकआउट एकाच आठवड्यात घोळक्यानं येतात, त्यामुळे ४०० सौद्यांचं वजन ४०० स्वतंत्र सौद्यांइतकं नसतं. निकाल आवडला नाही म्हणून २५० चे २३७ आणि दुपटीचं १.८ पट करत बसलात, तर जुन्या भावांना बेतून शिवलेला नियम हाती येतो. तो ओळखायचा कसा? २५० ऐवजी २०० आणि ३०० घालून पाहा. नफा दोन्हीकडे साधारण टिकला पाहिजे. शेवटची काही वर्षं सुरुवातीपासून झाकून ठेवायची आणि नियम पक्का झाल्यावर एकदाच उघडायची. दुसऱ्यांदा उघडली की ती झाकलेली राहत नाहीत.

तर निवड कशी करायची? टिपचं कारण भाव, व्हॉल्यूम किंवा जाहीर निकालांत सांगता येत असेल, तर तिचा नियम होतो आणि तपासायला वेळ द्यावा. «आतली बातमी आहे» हेच कारण असेल, तर तपासायला काही उरत नाही. ती मी तिथंच सोडतो. नियम तपासणीत टिकला, तरी पुढचे ३० संकेत पैसे न लावता कागदावर घ्या आणि एकच गोष्ट लिहा: सकाळी प्रत्यक्षात कुठला भाव मिळाला असता आणि चाचणीनं कुठला धरला होता. हा फरक सरासरी अर्ध्या टक्क्याच्या वर निघाला, तर वरचं ३७.५ चं गणित नव्यानं मांडावं लागेल.